नोकरी सोडताय? मेल कॉपी करा, हलवू नका

राजीनामा देण्याआधीच सुरुवात करा, कारण ऑफिसचं मेल खातं कधीही बंद होऊ शकतं. फक्त खासगी मेल घ्या, तीही परवानगीने. कामाची मेल कंपनीची असते.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये जुनं आणि नवं, दोन्ही खाती IMAP ने, म्हणजे सर्व्हरवरची मेल थेट दाखवणाऱ्या पद्धतीने जोडा. जुन्या फोल्डरमधल्या मेल निवडून Copy To ने नव्या खात्यात टाका. नवखे हमखास Move To वापरतात. मग मध्येच कनेक्शन तुटलं की कुठली मेल कुठे राहिली ते कळत नाही. थोड्या थोड्या घ्या, दर वेळी दोन्हीकडचे आकडे जुळवा. Sent फोल्डर हमखास राहून जातो, तोही घ्या.

संपर्क IMAP ने येत नाहीत. ते vCard फाइलमध्ये वेगळे काढा.

आणि जिथे लॉगिनला जुना पत्ता दिलाय, तिथे तो आताच बदला. नाहीतर पासवर्ड रीसेटची लिंक बंद खात्यात जाईल.