फी माफीचा पुढचा स्लॅब किती मार्कांनी हुकतोय?

मुलाला दहावीला ८७.४० टक्के. वाशीच्या क्लासमध्ये ८० पासून १० टक्के सूट, ८५ पासून २५ आणि ९० पासून ४० टक्के. पुढच्या स्लॅबला किती मार्क कमी पडतात?

१३ मार्क. आपल्या एसएससी बोर्डाची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची, म्हणजे ५०० पैकी. तुमचे ४३७ आहेत, ९० टक्क्यांना ४५० लागतात. टक्क्यांतल्या फरकाला पाचाने गुणलं की मार्क मिळतात.

पण आधी क्लासला एक विचारा: टक्के पाच विषयांचे धरता की सहाही? माझ्या भाचीच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी सहा विषय धरले होते. समजा मुलाला सहाव्या विषयात ७१ आहेत. मग ६०० पैकी ५०८, म्हणजे ८४.६७ टक्के, आणि तुम्ही थेट खालच्या स्लॅबमध्ये! ८५ ला ५१० हवेत, फक्त दोन मार्क कमी. फी १,२०,००० असेल तर त्या दोन मार्कांची किंमत १८,००० रुपये. ८४.६७ चे ८५ करून देतात का, तेही विचारा. बहुतेक नाही करत.

दोन मार्कांसाठी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्यात अर्थ आहे, तेरासाठी मी नसती मागवली. त्यानंतरच्या पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात, हे लक्षात ठेवा.