खाडाखोडीतलं उत्तर

ताई, वर्कशीट तपासताना लाल पेन नंतर उचला, आधी मुलाचं शेवटचं उत्तर कोणतं ते ठरवा. ५२ − २७ घ्या. उत्तरात ५ स्वच्छ आहे, पण दशकाचा आकडा गिरवलेला, २ की ३ कळत नाही. मग वरच्या ५ कडे बघा. तो खोडून ४ केलेला असेल, तर हातचा घेतलाय, २५ धरा. तसं काही नसेल तर अंदाज नको, मुलाला जवळ बोलवून "तुझं उत्तर वाच" एवढंच म्हणा. (आवाज बदलला की मुलं लगेच उत्तर बदलतात!) वाचलेलं शेजारी नीट लिहायला लावा, मग तपासा. आडवी रेघ मारलेलं उत्तर मात्र बरोबर असलं तरी धरू नका.