उसने स्पाइक्स आणि ४०० मीटर

“माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेकडून जिल्ह्याला ४०० मीटर पळणार आहे, पहिलीच शर्यत. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे शूज, ओळखीतल्या एका मुलीचे आणलेत. ते घरात आल्यापासून हिला झोप नाही. म्हणते, हरले तर त्यांचे शूज वाया घालवले म्हणतील, आणि जिंकले तर शूजमुळे जिंकली म्हणतील. हिला पळू द्यावं की नको?”

प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाममंदिर यांच्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरांना मैदानाची ओढ जुनीच आहे, आणि स्पर्धांचा हंगाम जवळ आला की बडोद्याबरोबरच डभोई, पादरा, करजण या गावांतूनही पालक मुलींना घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची अपेक्षा अशी असते की मी मुलीला दीर्घ श्वास घ्यायला शिकवावे आणि तिची भीती घालवून द्यावी. माझी पद्धत थोडी वेगळी आहे. मी अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या अंगाने काम करते. माणसाचा त्रास घटनेपेक्षा त्या घटनेविषयी त्याने मनाशी बांधलेल्या ठाम विधानांमधून वाढतो, असे हा विचार सांगतो. परंतु विधान तपासायचे असेल तर आधी घटना नीट पाहावी लागते, आणि नेमकी हीच पायरी घाईत वगळली जाते. डभोईच्या एका मुलीची हकिगत सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल. तिचे नाव आणि ओळखीचे तपशील मी बदलले आहेत. तिला आपण रेवा म्हणू.

रेवाचे घर हिरा भागोळीजवळ. शाळेच्या मातीच्या मैदानावर ती कॅनव्हासचे बूट घालून पळत असे आणि शाळेच्या निवडचाचणीत ती सहज पुढे आली. जिल्ह्याची शर्यत बडोद्यात सिंथेटिक ट्रॅकवर होणार होती, म्हणून तिच्या आत्याने शेजारच्या घरातून स्पाइक्स मागून आणले. ज्या मुलीचे ते होते, तिला रेवा ‘ताई’ म्हणत असे. शूज घरात आले आणि तिची भूक मंदावली. रात्री ती दोनदा उठून ते जागेवर आहेत की नाही ते पाहू लागली. आई माझ्यासमोरही तिला म्हणाली, “सांभाळून घाल हं, महागाचे आहेत.” हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जात असेल, याचा मला त्याच क्षणी अंदाज आला.

पुढच्या भेटीला मी रेवाला शूज घेऊन यायला सांगितले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते शूज तिने टेबलावर ठेवले. “आता मला दाखव, हे कसे असतात,” असे मी म्हटल्यावर ती जरा खुलली. तळव्याच्या पुढच्या भागात सहा खिळे होते, टाचेला एकही नव्हता. तिच्या कंपासपेटीतली पट्टी लावून आम्ही एका खिळ्याची बाहेर आलेली लांबी मोजली. ती १२ मिलिमीटर भरली. म्हणजे हे खिळे मातीच्या मैदानासाठी लावलेले होते. सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे नियमाने चालत नाहीत आणि सर्वसाधारणपणे ६ मिलिमीटरचेच वापरतात, कारण लांब खिळा पृष्ठभागात रुततो आणि पाय उचलताना अडतो. दोन खिळे गंजून बसले होते. मग मी शूजच्या पुढच्या टोकात बोट घातले, तर आतून कापसाचा एक घट्ट बोळा निघाला.

“हा कोणी घातला?”

“मीच. मला ते थोडे मोठे होतात. अर्धा नंबर असेल.”

“सरांना सांगितलंस? आईला? ताईला?”

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, उसन्या वस्तूत खोड कशी काढायची?”

या वाक्यापाशी मी थांबले, कारण सगळा गुंता त्यातच होता. रेवाची भीती पूर्णपणे मनातली नव्हती. पळताना पाय पुढे सरकत होता, वळणावर अंगठ्याचे नख आतून घासत होते, आणि मातीचे खिळे घेऊन सिंथेटिकवर गेल्यावर काय होईल याची तिला अस्पष्ट जाणीवही होती. तिच्या शरीराला शंभर टक्के खरी अडचण होती. पण ती अडचण बोलून दाखवणे म्हणजे कृतघ्नपणा, असे विधान तिने मनाशी पक्के केले होते. न बोललेली अडचण मग रात्री दुसऱ्या रूपात बाहेर येत होती: शूज वाया जातील, लोक काय म्हणतील, मी लायक नाही. अशा मुलीला नुसता श्वास मोजायला सांगितला असता तर कापसाचा बोळा शर्यतीच्या दिवसापर्यंत शूजमध्येच राहिला असता. हे वेळीच हाती लागले याचे मला आजही समाधान वाटते.

आम्ही चिंतेचे दोन भाग केले. पहिला भाग शूजचा, आणि तो माझ्या अखत्यारीतला नव्हता, पी.टी.च्या सरांच्या होता. सरांनी कापूस काढायला लावला, कारण जोर पडला की कापूस दबतो आणि पाय पुन्हा सरकतो. थोडा जाड मोजा घालून, सगळ्यात वरच्या जादा भोकांमधून लेसचा एक छोटा फास करून त्यातून दुसऱ्या बाजूची लेस ओढली की टाच जागेवर बसते. अर्ध्या नंबरचा फरक एवढ्याने सांभाळता येतो. फरक पूर्ण नंबरचा असता तर ते शूज वापरूच नका, असे सरांनी स्पष्ट सांगितले. शिवाय ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अनवाणी पळण्यासही परवानगी आहे, ही माहिती रेवाला मी दिली. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती. रेवाने अनवाणी पळावे असे मला सुचवायचे नव्हते. स्पाइक्सशिवाय शर्यत नाहीच, ही तिने स्वतःवर लादलेली अट खरी नव्हती, एवढेच तिला दिसायला हवे होते.

दुसरा भाग उपकाराचा होता. मी तिला विचारले, “ताईने शूज देताना काय अट घातली?” तिला आठवेना, कारण अट घातलीच नव्हती, आत्याने मागितले आणि त्यांनी दिले, एवढेच घडले होते. माझा अनुभव असा आहे की देणाऱ्याने अट सांगितलेली नसली की संकोची मूल सर्वांत कडक अट स्वतःच लिहून घेते: या शूजची लाज राखायची तर नंबर आलाच पाहिजे. म्हणून मी तिला माझ्यासमोरच ताईला फोन करायला लावला. काय विचारायचे ते आम्ही आधी वहीत लिहिले. खिळे बदलले तर चालतील का, पळून ते झिजले तर काय करायचे, आणि शूज कधी परत हवेत. फोन करताना तिचा आवाज कापत होता. ताई पलीकडून म्हणाली, “अगं, खिळे बदलायचेच असतात, किल्ली आत्याकडे पाठवते. झिजले तर झिजले. परत देताना माती पुसून दे, म्हणजे झालं.”

फोन ठेवल्यावर रेवाने वहीत लिहिले, “पुसून द्यायचे.” तिच्या डोक्यावरचे अमर्याद ऋण एका ओल्या फडक्याएवढे झाले होते. तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. समुपदेशकाच्या कामात असे क्षण क्वचित येतात, आणि ते उपदेशाने येत नाहीत.

जिंकले तर शूजमुळे, ही शंका उरली होती. तिचे उत्तर मी दिले नाही. ते मैदानाने द्यावे असे ठरले. नवे खिळे बसल्यावर सरांनी तिला पूर्ण वॉर्म-अपनंतर, एक दिवसाआड, गवतावर ६० मीटरच्या थोड्याच फेऱ्या स्पाइक्स घालून मारायला दिल्या. स्पाइक्सची टाच पातळ असते आणि सगळा भार चवड्यांवर येतो, त्यामुळे पोटऱ्या दुखणे साहजिक असते. पण सकाळी उठल्यावर टाचेच्या मागची शीर कडक होऊन कळ येऊ लागली, तर थांबायचे असते. रेवाला तसे झाले नाही. पुढे तिने कॅनव्हासचे बूट आणि स्पाइक्स, दोन्ही घालून वेगवेगळ्या दिवशी पूर्ण ४०० मीटर पळून पाहिले आणि मला सांगितले, “सुटताना आणि वळणावर पकड चांगली मिळते. शेवटच्या शंभरला दम तेवढाच लागतो, तिथे शूज काही करत नाहीत.” माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हे निरीक्षण अधिक टिकाऊ होते, कारण ते तिचे स्वतःचे होते.

शर्यतीच्या आधी आम्ही आणखी एकाच गोष्टीवर बोललो. मातीच्या मैदानावर ती घोळक्यात पळत आली होती. ४०० मीटरमध्ये मात्र प्रत्येकीने शेवटपर्यंत आपल्याच लेनमध्ये पळायचे असते. सातवी लेन मिळाली तर पहिल्या लेनपेक्षा सुमारे ४५ मीटर पुढून सुरुवात होते, समोर एकच मुलगी दिसते, बाकीच्या सगळ्या मागे असतात आणि शेवटचे वळण संपेपर्यंत आपण कितव्या आहोत हे कळत नाही. हे आधी माहीत नसले तर मुलगी घाबरून पहिले २०० मीटर जीव तोडून पळते. रेवाला खरोखरच सातवी लेन मिळाली. ती आपल्या हीटमध्ये तिसरी आली आणि अंतिम फेरीत पोहोचली नाही. नंतर मला म्हणाली, “वळणावर शूज आठवलेच नाहीत. शेवटी पाय जड झाले तेव्हा आठवले, पण तेव्हा फक्त पुसून द्यायचे आहेत एवढंच आठवलं.”

तेव्हा तुमच्या मुलीला पळू द्यावे, असेच माझे मत आहे, पण त्याआधी तिच्याबरोबर बसून ते शूज उलटेसुलटे करून पाहा. आत काही कोंबले आहे का, खिळे किती लांब आहेत, ते किल्लीने फिरतात का, हे तिलाच दाखवायला सांगा आणि नीट बसण्याबद्दल शाळेच्या सरांचा निर्णय अंतिम माना. शूज देणाऱ्या मुलीशी तुम्ही बोलू नका, तुमच्या मुलीला बोलू द्या. तिच्या वतीने तुम्ही आभार मानत राहिलात तर तिच्या मनातले ओझे वाढतच जाईल. “महागाचे आहेत” हे वाक्य घरात सगळ्यांनीच बंद करावे. एवढे करूनही झोप येत नसेल, जेवण तुटले असेल किंवा ती शाळाच टाळू लागली असेल, तर प्रश्न शूजच्या पलीकडचा आहे असे समजा आणि शर्यतीची वाट न पाहता तिला समुपदेशकाकडे घेऊन जा.