ठेकेदाराच्या मुलांना काम कोणी सांगायचं?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या मसाले पॅकिंगच्या कारखान्यात मी एचआर पाहते. कायम कामगार 42, ठेकेदाराचे 60. पॅकिंगच्या दोन्ही लाइनवर दोघं शेजारी उभे असतात. गेल्या महिन्यात आमच्या कायम ऑपरेटरने ठेकेदाराच्या कामगारांपैकी एका मुलाला मशीन धुवायला सांगितलं. तो म्हणाला, "तू माझा साहेब नाहीस." धक्काबुक्की झाली. प्रॉडक्शन मॅनेजरने दुसऱ्या दिवशी मुलाला गेटवरच अडवलं, ऑपरेटरला फक्त तोंडी समज दिली. आता युनियनचं पत्र आलंय की ठेका बोगस आहे, सगळ्यांना कायम करा. ठेकेदार म्हणतो, "मुलं तुमच्याकडे, मी काय करू?" कायम कामगार म्हणतात, ही मुलं आमचं ऐकत नाहीत. हुकूम नेमका कोणाचा चालायला हवा, आणि आता काय करावं? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : हाणामारी चूकच, पण त्या मुलाचं म्हणणं कायद्याला धरून आहे. ऑपरेटर त्याचा साहेब नाही. शिस्त आणि नोकरीच्या बाबतीत तुमचे प्रॉडक्शन मॅनेजरही त्याचे साहेब नाहीत. तो अधिकार ठेकेदाराचा. म्हणूनच ठेकेदाराचं "मुलं तुमच्याकडे, मी काय करू?" हे वाक्य मला युनियनच्या पत्रापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. उद्या साक्षीत तो हेच बोलला, तर ठेका नावापुरता होता हे सिद्ध करायला युनियनला फारसं काही उरणार नाही.

हुकूम कोणाचा, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये इंटरनॅशनल एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या निकालात बरंच स्पष्ट केलं आहे. ठेकेदाराचा माणूस तुमच्या आवारात असताना काय काम करायचं, कसं करायचं हे तुम्ही सांगितलंत म्हणून तो तुमचा नोकर होत नाही. ते दुय्यम नियंत्रण. मूळ नियंत्रण म्हणजे त्याला कुठे पाठवायचं, किती दिवस ठेवायचं, कोणत्या अटींवर ठेवायचं हे ठरवणं, आणि ते ठेकेदाराच्या हातात राहायला हवं. 2014 च्या बलवंतराय सलुजा निकालातही न्यायालयाने हेच तपासलं. नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून कोण टाकू शकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, नोकरीत सलगता आहे का, आणि देखरेख व नियंत्रण पूर्णपणे कोणाचं आहे. तुमच्या मॅनेजरने गेटवर माणूस अडवला तेव्हा यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतःच युनियनच्या हाती दिली.

आता रोजच्या पाळीत हे कसं दिसायला हवं ते पाहू. सकाळी सातच्या पाळीला तुमचा शिफ्ट इनचार्ज ठेकेदाराच्या सुपरवायझरला चिठ्ठी देतो : लाइन 2, हळद 100 ग्रॅम, आठ माणसं, तीन वाजेपर्यंत इतके बॉक्स, शेवटी मशीन धुणं. त्या आठ जागांवर कोण उभं राहणार हे सुपरवायझर ठरवतो. कोणी आला नाही तर बदली माणूस तोच आणतो. रजेचा अर्ज त्याच्याकडे जातो, हजेरी तोच लावतो, ओव्हरटाइमला कोण थांबणार हेही तोच सांगतो. तुमच्या ऑपरेटरला काही हवं असेल तर तो इनचार्जला सांगतो आणि इनचार्ज सुपरवायझरला. वेळ थोडा जास्त जातो खरा, पण "तू कोण मला सांगणारा?" हा प्रश्नच उरत नाही.

बहुतेक कारखान्यांत हे कोलमडतं ते सुपरवायझरमुळे. कागदावर तो असतो, प्रत्यक्षात पगाराच्या दिवशी फेरी मारतो. मग मुलांना काम सांगायचं इनचार्जवर येतं, तो घाईत असला की ऑपरेटर सांगतो, आणि पुढे व्हॉट्सअॅप ग्रुपवर एचआरच रजा मंजूर करू लागते. तुमच्या ग्रुपवर असे मेसेज असणारच. म्हणून दोन्ही पाळ्यांत ठेकेदाराचा सुपरवायझर पूर्ण वेळ हजर असणं ही ठेक्याची अट करा आणि त्याच्या पगाराचे पैसे दरात धरा. दर घासून कमी केला की पहिला गायब होतो तो सुपरवायझरच.

वर्क ऑर्डरही काढून वाचा. तिथे "पॅकिंग व तत्सम कामे" असं काहीतरी लिहिलेलं असेल, तर मशीन धुणं त्यात येतं की नाही याचं उत्तर कोणाकडेच नाही. भांडण तिथूनच सुरू झालं. कामं नावानिशी लिहा.

दोन ठिकाणी ही साखळी मध्ये आणायची नाही. एक सुरक्षितता. मशीनमध्ये हात जातोय असं दिसलं तर समोरच्याने ओरडून थांबवायचं, मग तो कोणाचाही माणूस असो. कारखान्यातल्या सुरक्षिततेची तुमची जबाबदारी ठेक्याच्या माणसांनाही धरून आहे. दुसरं, लैंगिक छळाची तक्रार. 2013 च्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेली बाईही येते, त्यामुळे तुमच्या अंतर्गत समितीने "ठेकेदाराकडे जा" असं सांगून तिला परत पाठवू नये.

आता अवघड भाग. इथे तुम्हाला न आवडणारं सांगणं भाग आहे. हुकुमाची साखळी कितीही नीट बसवली, तरी एकाच लाइनवर, तेच काम, तेच तास, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या पगारात मोठी तफावत, हे चित्र कोणत्याही कागदाने सावरत नाही. नाराजी तिथूनच येते आणि कायद्याचा धोकाही तिथेच आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत परवान्याची अटच होती की सारख्या कामाला सारखं वेतन आणि सारख्या सेवाशर्ती द्याव्यात. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 आली. ती ठेक्याच्या बाबतीत 50 किंवा जास्त कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, म्हणजे तुम्हालाही. तिच्या कलम 57 नुसार मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येत नाहीत. सफाई, पहारा, कँटीन अशी कामं मुख्य धरली जात नाहीत. पण मसाले पॅक करून विकणाऱ्या कारखान्यात पॅकिंग हे मुख्य काम नाही, असा युक्तिवाद करायला मी स्वतः तरी उभा राहणार नाही.

अपवाद आहेत. कामाचा ताण एकदम वाढला आणि तो ठरावीक मुदतीत उरकायचा असेल तर मुख्य कामातही ठेका चालतो. मार्च ते मे या मसाल्याच्या हंगामात जास्तीची माणसं घेतलीत तर ते यात बसवता येईल. बाराही महिने तीच साठ माणसं असतील तर नाही बसत.

म्हणून मी सुचवेन की साठ जणांची यादी समोर घ्या आणि वर्षभर लाइनवर कोण असतं ते वेगळं काढा. त्यांना टप्प्याटप्प्याने थेट तुमच्या पटावर घ्या. लगेच कायम करणं झेपत नसेल तर मुदतबंद नेमणूक कायद्यात मान्य आहे, पण तिथे वेतन आणि सवलती त्याच कामाच्या कायम कामगाराइतक्याच द्याव्या लागतात आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही लागते. कायमच्या कामाला वर्षानुवर्षं मुदतबंद पत्रं देत राहणं मात्र पुन्हा न्यायालयात जाण्याची तयारी ठरेल. खर्च वाढेल, पण लाइनवर एकच साहेब उरेल. हंगामी माणसांना वेगळी लाइन किंवा वेगळी पाळी द्या. सफाई, कँटीन ठेक्यावर राहू द्या. माल चढवणं-उतरवणं ठेकेदाराला देण्याआधी माथाडी मंडळाचा कायदा लागू होतो का ते नक्की पाहा, ठाणे-नवी मुंबईत याकडे दुर्लक्ष केलेले मालक नंतर अडचणीत येतात.

बोनस आणि कँटीन लगेच तपासा. ठेकेदाराकडे वीस किंवा जास्त माणसं असतील, तर पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस देणं त्याला बंधनकारक आहे. दिवाळीला कायमवाल्यांच्या खात्यात बोनस जमा होतो आणि शेजारच्याला मिठाईचा पुडाही मिळत नाही, हे त्या मुलांच्या मनातून जात नाही. ठेकेदार वेतन देत नाही तेव्हा ते भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून दर महिन्याला बिल पास करण्याआधी बँकेतून पगार गेल्याचा पुरावा आणि पीएफ-ईएसआयची चलनं मागा. कँटीन, पिण्याचं पाणी, विश्रांतीची जागा ठेक्याच्या कामगारांनाही तुम्हीच द्यायची आहे, आणि ती दिली म्हणून ते तुमचे नोकर ठरतील ही भीती बाळगू नका.

आता चालू प्रकरण. त्या मुलाची गेटबंदी आजच उठवा. आजच्याच तारखेचं पत्र ठेकेदाराला द्या : अमुक दिवशी ही घटना घडली, आमच्या मॅनेजरने प्रवेश थांबवला होता, तो खुला केला आहे, तुम्ही तुमच्या नियमांप्रमाणे चौकशी करा. शिक्षा काय द्यावी हे लिहू नका. मागची तारीख टाकून पत्र बनवायचा मोह कोणी दाखवला तर ठाम नकार द्या, गेटचं रजिस्टर आणि फोनवरचे मेसेज ते खोटं उलटतपासणीत उघडं पाडतात. तुमच्या ऑपरेटरची चौकशी तुम्ही तुमच्या सेवानियमांप्रमाणे करा आणि त्यात त्या मुलाला साक्षीदार म्हणून बोलवा. एकाला गेटबाहेर आणि दुसऱ्याला तोंडी समज, हा भेद साठही जणांनी पाहिला आहे.

युनियनच्या पत्राला उत्तर द्या, गप्प राहू नका. सिप्लाच्या 2001 च्या निकालानुसार, मालक-नोकर नातंच वादात असेल तर महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित प्रथा कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात थेट तक्रार चालत नाही, आधी ते नातं ठरावं लागतं. त्यामुळे हा वाद बहुधा ठाण्याच्या कामगार कार्यालयात समेटासाठी येईल आणि तिथे तुमची यादी आणि टप्पे टेबलावर ठेवता येतील. 2001 च्याच स्टील अथॉरिटीच्या निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं आहे की ठेक्यावर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, पण ठेका निव्वळ बनाव निघाला तर ते मुळापासून तुमचेच कामगार ठरतात. तुमचे सल्लागार यातलं पहिलं वाक्य सांगतील. दुसरंही लक्षात ठेवा.

वाद चालू असताना ठेकेदार बदलून सगळ्यांना घरी पाठवू नका. आणि तो व्हॉट्सअॅप ग्रुप डिलीट करू नका. त्यावर रजा आणि पाळ्या मंजूर करणं आजपासून थांबवा, सुपरवायझर कोण आहे ते त्याच ग्रुपवर लिहा, आणि मागचं सगळं तसंच राहू द्या.