कवडसा: कवितेच्या खात्यासाठी एक शब्द

प्रश्न: मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कवितांसाठी इन्स्टाग्रामवर वेगळं खातं उघडायचंय. नाव एकाच शब्दाचं हवं आणि त्या शब्दात एक चित्र हवं. 'मृगजळ', 'तिरीप' आणि 'कवडसा' या तिघांत अडकले आहे. कोणता घ्यावा? आणि इंग्रजी अक्षरांत तो कसा लिहावा?

'कवडसा' घ्या. का, ते नीट सांगते, कारण हा शब्द जितका जवळून पाहावा तितका खुलत जातो.

आधी 'मृगजळ' बाजूला ठेवू. शब्द सुंदर आहे, पण त्यातलं चित्र आता कुणाला दिसत नाही. 'स्वस्त घरांचं मृगजळ', 'विकासाचं मृगजळ' अशा मथळ्यांनी तो इतका वापरला गेलाय की ऐकताच डोळ्यांपुढे तापलेलं माळरान आणि धावणारं हरीण येत नाही, थेट 'फसवणूक' हा अर्थ येतो. शिवाय तो अर्थ एकच आहे आणि आधीच ठरलेला आहे. तुमची प्रत्येक कविता, अगदी आजोळच्या विहिरीवरचीसुद्धा, 'हे सगळं खोटं आहे' अशा पाटीखाली वाचली जाईल. खात्याच्या नावात असं रूपक हवं, ज्याचा अर्थ अजून उलगडायचा आहे.

'तिरीप' आणि 'कवडसा' हे सख्खे शेजारी, आणि बरेच जण ते एकमेकांच्या जागी वापरतात. पण त्यांच्यात फरक आहे. तिरीप म्हणजे तिरकं येणारं ऊन. सकाळी दार उघडलं की उन्हाची तिरीप ओसरीवर येते, हिवाळ्यात म्हातारी माणसं त्या तिरपेत पाठ शेकत बसतात. कवडसा असा सताड उघड्या दारातून येत नाही. त्याला फट लागते. कौल सरकलेलं असावं, पत्र्याला खिळ्याचं भोक असावं, खिडकीच्या फळ्यांत चीर असावी किंवा आंब्याची पानं दाट असून मध्येच एखादी जागा मोकळी राहिलेली असावी. आजूबाजूला अंधार किंवा सावली असल्याशिवाय कवडसा होतच नाही. म्हणजे या एका शब्दात तीन गोष्टी आहेत: बाहेरचं ऊन, मधला आडोसा आणि आडोशातली उणीव. तिरपेत फक्त ऊन आहे. म्हणून कवितेसाठी मला कवडसा मोठा वाटतो.

आणखी एक गंमत अशी की मराठीत कवडसा हा हवेतल्या प्रकाशाच्या पट्ट्यालाही म्हणतात आणि जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यालाही. 'कवडशात धूळ नाचत होती' म्हणतो तेव्हा पट्टा मनात असतो, 'झाडाखाली कवडसे पडले होते' म्हणतो तेव्हा ठिपके. दोन्ही बरोबर आहेत.

पट्टा दिसतो तो मुळात धुळीमुळे. हवा अगदी स्वच्छ असेल तर फक्त जमिनीवरचा ठिपका दिसेल, मधली वाट दिसणार नाही. माझ्या आजीच्या घरी माजघराच्या पत्र्याला एक भोक होतं. चूल पेटली की त्या भोकातून आलेला कवडसा धुरामुळे एकदम उभा राहायचा, अगदी हात लावता येईलसा, आणि धूर गेला की नाहीसा व्हायचा. जमिनीवरचा ठिपका मात्र आपल्या जागी असायचा. अशा पट्ट्यात तरंगणाऱ्या कणाला आपल्या परंपरेत स्वतंत्र नाव आहे, 'त्रसरेणू'. झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणारा तो बारीकसा कण, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. सगळ्यांत लहान माप म्हणजे कवडशात दिसलेली धूळ. 'त्रसरेणू' हेही नाव म्हणून मनात येईल, पण ते ऐकणाऱ्याला दोनदा सांगावं लागेल आणि टाइप करणाऱ्याला चारदा. ते एखाद्या कवितेसाठी राखून ठेवा.

आता ठिपक्याकडे या. कवडसा गोल का असतो, याचा विचार केलाय का? पत्र्यावरचं भोक वेडंवाकडं असतं, पानांमधली जागा तर कुठल्याच आकाराची नसते, तरी खाली पडतात ते गोल ठिपके. कारण तो ठिपका भोकाचा नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं, उलटं पडलेलं. हवं तर करून पाहा. पुठ्ठ्याला ३-४ मिलिमीटरचं चौकोनी भोक पाडा, उन्हात धरा आणि ३ मीटरवर कागद ठेवा. कागद किरणांसमोर सरळ धरला तर साधारण ३ सेंटिमीटरचा गोल दिसेल. कागद दूर न्याल तसा गोल वाढतो, कारण त्याचा व्यास अंतराच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतका असतो. ऊन तिरकं असेल आणि जमीन सपाट, तर तोच गोल लांबट होतो. भोक मोठं होऊन त्या गोलाच्या जवळपास आलं, की मात्र त्याचा स्वतःचा आकार डोकावायला लागतो आणि मग त्याला कवडसा म्हणावंसं वाटत नाही. छपरात बसवलेल्या काचेच्या कौलातून येतो तो उजेडाचा तुकडा असतो, कवडसा नव्हे. बोलीत हा भेद कुणी शिकवत नाही, पण कान तो बरोबर पाळतो.

२६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात कंकणाकृती आणि महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण झालं. त्या सकाळी जिथे ढग नव्हते तिथे झाडांखालचा एकूण एक कवडसा कोरीसारखा झाला. भोकं तीच, पानं तीच, पण वरचा सूर्य कोरीसारखा उरला म्हणून खालच्या शेकडो कवडशांचीही कोर झाली. फट कशीही असो, तिच्यातून उतरतो तो सबंध सूर्य, आणि सूर्याला काही झालं तर ते प्रत्येक ठिपक्यात दिसतं. कविता लिहिणाऱ्या मुलीला यापेक्षा चांगलं रूपक मी कुठून आणून देऊ!

कवडसा सरकतो, हेही विसरू नका. आकाशात सूर्य स्वतःच्या रुंदीइतका सरकायला सुमारे २ मिनिटं घेतो, म्हणून जमिनीवरचा ठिपकाही साधारण २ मिनिटांत आपली जागा पूर्ण सोडून पुढे जातो. आजी घड्याळ बघायची नाही. कवडसा जात्याच्या खुंट्यापाशी आला की ती भाकरीला बसायची. ऋतू बदलला की खूणही बदलायची, आणि ते तिला कुणी सांगावं लागायचं नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. हा शब्द स्वभावाने शांत आहे. तुमच्या कविता संतापाच्या, रस्त्यावरच्या, प्रश्न विचारणाऱ्या असतील तर तो त्यांना झेपणार नाही. तसं असेल तर 'फुफाटा' पाहा. पाय भाजणारी ती तापलेली बारीक धूळ, 'आगीतून फुफाट्यात'मधली. म्हणीबाहेर तो फारसा कुणी वापरत नाही, त्यामुळे त्यातलं चित्र अजून ताजं आहे.

मुलीने पुल्लिंगी शब्द घ्यावा का, असंही मनात येईल. बिनधास्त घ्या. मराठीतली बरीच गाजलेली टोपणनावं नात्यातून आलेली आहेत: कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज, गोविंदचा अग्रज तो गोविंदाग्रज. तिथे नाव हे 'मी कुणाचा' याचं उत्तर होतं. तुमचं नाव वस्तूचं आहे, त्यामुळे लिंग त्या वस्तूचं राहील. 'कवडसा लिहितो' असं काही कुणी म्हणणार नाही, 'कवडसावर वाचलं' म्हणतील.

आणि इथेच व्याकरण आडवं येतं, कारण म्हणायला हवं 'कवडशावर'. शेवटी 'सा' असलेल्या पुल्लिंगी शब्दाला प्रत्यय लागताना 'सा'चा 'शा' होतो: पैसा, पैशाला, आरसा, आरशात, ससा, सशाचा. तसंच कवडसा, कवडशात, कवडशाने. या 'शा'ला य जोडायचा नाही. 'कवडश्यात' हे चुकीचं लेखन सर्रास दिसतं. अनेकवचन 'कवडसे'. खात्याच्या ओळखीत 'कवडशातून' किंवा 'कवडशापाशी' असं काही लिहिणार असाल तर हे सांभाळा, कारण शब्दप्रेमी वाचकाचं लक्ष पहिलं तिथे जाईल.

आता इंग्रजी अक्षरं. इन्स्टाग्रामच्या खात्याच्या नावात देवनागरी चालत नाही. फक्त रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि खालची रेघ, आणि सगळं मिळून ३० चिन्हांच्या आत. आपण लिहितो चार अक्षरं, क-व-ड-सा, पण बोलताना 'ड'मधला अ गळतो आणि 'कवड्‌-सा' ऐकू येतं. म्हणून `kavadsa` हे उच्चाराच्या सगळ्यांत जवळचं. `kavadasa` लिहिलंत तर मराठी न जाणणारा माणूस 'कवदासा' म्हणेल आणि ते कालिदासाच्या भावासारखं वाटेल. `kawadsa` चूक नाही, पवार-वाघ या आडनावांत आपण w वापरतोच, पण 'कविता' लिहिताना बहुतेकांचा हात v कडे जातो आणि तुमचं खातं कवितेचं आहे. अनेकवचन मोहात पाडेल, कविता पुष्कळ असतात म्हणून. पण `kavadse` हे हिंदी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना 'कवाड से' असं तुटून दिसतं. एकवचनच बरं.

ठरवण्याआधी एक चाचणी घ्या. फोनवर तीन जणांना शब्द फक्त ऐकवा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा. मी घरात हे केलं तेव्हा दोघांनी `kavadsa` पाठवलं, तिसरीने `kavdasa`. ड आणि द एकाच अक्षराने लिहायची अडचण आहेच, ती रोमनमध्ये सुटत नाही. म्हणून नावाच्या रकान्यात, जिथे देवनागरी चालते, तिथे 'कवडसा' स्वच्छ लिहा, म्हणजे मराठीत शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडाल.

`kavadsa` आधीच कुणी घेतलेलं असेल तर मागे आकडे चिकटवू नका; आकडा आला की चित्र मोडतं. `kavadsa_kavita` घ्या. टिंबाऐवजी रेघ अशासाठी की एक्सवर टिंब चालत नाही आणि तिथली मर्यादा १५ चिन्हांची आहे. हे नाव रेघेसकट १४ चिन्हांचं होतं, म्हणजे उद्या तिकडे गेलात तरी तेच नाव नेता येईल.