अॅल्युमिनियमला फीड कमी करू नका

हॉबी सीएनसी मशीनवर 6061 अॅल्युमिनियम कापायला 6 मिमीचा, एका धारेचा कार्बाइड एंडमिल घ्या. तेवढाच बाहेर काढलेला 3 मिमीचा कटर सोळापट वाकतो आणि कापलेल्या भिंतीवर लाटा उमटतात.

16,000 आरपीएमला दर फेरीत 0.05 मिमी पुढे सरकणं धरलं, तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, 800 मिमी प्रति मिनिट येतो. स्टेपओव्हर, म्हणजे कटर बाजूने जेवढा आत घुसतो ते अंतर, 0.6 मिमी ठेवलात की चिप प्रत्यक्षात 0.03 मिमी जाडीचीच निघते. म्हणून फिनिश खराब दिसली तरी घाबरून फीड 200 वर आणू नका. मग धार कापत नाही, नुसती घासते. अॅल्युमिनियम तापून तिला चिकटतं आणि पृष्ठभाग माखल्यासारखा, ओरखडलेला दिसतो. बुरा पिठासारखा पडला तर हेच घडतंय. सुट्या, चकचकीत कपच्या उडायला हव्यात.

भिंतीला शेवटी 0.2 मिमी ठेवून एकच पास, क्लाइंब दिशेने, म्हणजे धार जाड चिपने सुरू होऊन पातळ चिपवर संपेल अशी.