पोर्ट्रेटमागच्या आकाशातले धुळीचे ठिपके: केसांजवळ हीलिंग का फसतं

प्रश्न: मैत्रिणीचा पोर्ट्रेट काढलाय, मागे मोकळं निळं आकाश, फ्लॅश लावून f/13 ला. आकाशात दहा-बारा राखाडी ठिपके आलेत आणि एका बाजूला मोठा फिकट डाग आहे. मधले ठिपके हीलिंग ब्रशने गेले पण केसांजवळचे पुसले की तिथे काळपट फराटा उमटतो. लेन्स पुसली, तो फिकट डाग पुढच्या फोटोंत गेला, ठिपके तसेच आहेत. काय करू?

उत्तर:

म्हणजे निदान तुम्हीच करून टाकलंय. लेन्स पुसल्यावर गेला तो बोटाचा तेलकट ठसा, आणि जे राहिले ते सेन्सरवर बसलेल्या धुळीचे. सेन्सरवर म्हणजे खरं तर सेन्सरच्या पुढे जी फिल्टरची काच असते तिच्यावर. कण आणि सेन्सर यांच्यात थोडंसं अंतर राहतं, त्यामुळे f/2.8 ला उजेड सगळ्या बाजूंनी आत येतो आणि कणाची सावली विरून जाते, पण f/13 ला तोच उजेड बारीक छिद्रातून जवळजवळ सरळ येतो आणि सावली ठळक पडते. उन्हात फ्लॅश लावला की शटर १/२०० च्या आसपास अडकतं, मग ॲपर्चर बंद करत न्यावंच लागतं, आणि नेमकं सपाट आकाश मागे असताना सगळी घाण बाहेर येते. धूळ आधीपासून होतीच हो, दिसत नव्हती इतकंच.

आता मुद्द्याचं. धूळ आणि ठसा फोटोची वेगवेगळ्या प्रकारे वाट लावतात. धूळ सावली पाडते, म्हणजे तिथला उजेड थोडा कमी होतो पण तपशील शाबूत असतो. ठसा उजेड पसरवतो, म्हणजे त्या जागी एक पांढुरका पडदा चढतो आणि काळं करडं दिसायला लागतं. मोकळ्या आकाशात हा फरक बिनमहत्त्वाचा, कारण तिथे आपण सरळ दुसरीकडचं आकाश आणून चिकटवतो. पण केसांवर चिकटवायला दुसरे केस कुठून आणणार? तिथे बदलण्यापेक्षा दुरुस्त करणं बरं, सावली असेल तर ती उचलायची, पडदा असेल तर तो काढायचा.

आधी सगळे ठिपके सापडू देत. फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर एक Curves लेयर टाकून त्याची रेघ वर-खाली-वर-खाली अशी नागमोडी ओढा, फोटो भयानक दिसेल पण डोळ्याला न दिसणारे ठिपकेही बांगडीसारखे उठून येतात. लाइटरूममध्ये हेच Visualize Spots करतं, पण त्यात केसांची बटन्‌बट पांढरी चमकते आणि तिच्याजवळचा ठिपका हरवतो, म्हणून पोर्ट्रेटला मला तरी नागमोडी कर्व्हच आवडतो. काम झालं की तो लेयर काढून टाका, मी एकदा तो थोडासा ओपॅसिटी कमी करून तसाच विसरलो होतो आणि अर्धा तास स्किनटोन असा का दिसतोय म्हणून डोकं खाजवत बसलो.

मोकळ्या आकाशातले ठिपके तुम्ही काढलेतच, फक्त दोन गोष्टी तपासा. एक, रिकाम्या लेयरवर काम करा आणि हीलिंग ब्रशला Sample मध्ये Current & Below ठेवा, म्हणजे चुकलं तर तेवढंच खोडता येतं. दोन, ब्रशची कड कडक ठेवा. मऊ कड ठेवली की मधे नवीन ग्रेन आणि कडेला जुना-नवा मिसळलेला गुळगुळीत पट्टा तयार होतो, आणि प्रिंट काढली की तिथे बोट फिरवल्यासारखं दिसतं. रंग जुळवायचं काम हीलिंग स्वतःच करतं, त्याला मऊ कडेची मदत लागत नाही. नमुना शक्यतो ठिपक्याच्या उजवी-डावीकडून घ्या, वरून-खालून नको, कारण आकाश क्षितिजाकडे फिकट होत जातं.

आता तुमचा काळपट फराटा. हीलिंग ब्रश पोत उचलतो नमुन्यातून, पण रंग आणि उजेड घेतो तुम्ही रंगवलेल्या भागाच्या कडेवरून. कड जरा जरी केसांना टेकली की केसांचा काळा रंग आत झिरपतो, हाच तो फराटा. ब्रश छोटा करून फार फरक पडत नाही. उपाय असा की आधी सिलेक्शन करायचं, ठिपक्यापेक्षा ऐसपैस, पण केसांच्या बाजूने अगदी केसांच्या कडेकडेने, आणि मग त्याच्या आत हील करायचं. सिलेक्शनबाहेरचा रंग आत येत नाही. Select मधलं Sky वापरून सुरुवात केली तरी चालतं, पण उडणाऱ्या बटांपाशी ते गडबडतं, तिथे लॅसोने हाताने काढलेलंच बरं.

आणि ठिपका थेट केसांवरच असेल तर? माझ्याच एका फोटोचं सांगतो. वाऱ्याने केस उडालेत, मागे निळं आकाश, f/14, आणि एक ठिपका नेमका अशा जागी की अर्धा आकाशावर आणि अर्धा चार-पाच सुट्या बटांवर. साधारण चाळीस पिक्सेल रुंद. पहिल्यांदा क्लोन स्टॅम्प Lighten मोडमध्ये वापरला, डोकं असं की ठिपका आकाशापेक्षा गडद आहे तर फक्त गडद तेवढंच बदलेल. बदललं, पण बटाही आकाशापेक्षा गडदच की, त्याही गायब. मोकळ्या आकाशात ही युक्ती छान चालते, केसांत टक्कल पाडते.

मग कर्व्ह घेतला. Info पॅनेल उघडून ठिपक्याच्या मधे कर्सर ठेवला, फक्त आकाशाचा पिक्सेल, बट नाही, आकडा आला १६५. शेजारच्या स्वच्छ आकाशात १७८. Curves लेयरवर एकच पॉइंट टाकला, Input 165, Output 178, मग लेयरचा मास्क Ctrl+I ने काळा केला आणि ठिपक्याहून किंचित मोठ्या, एकदम मऊ पांढऱ्या ब्रशने बरोब्बर मधे एक टिचकी मारली. इथे कड मऊच हवी, कारण सावलीची कडही मऊच असते. ठिपका गेला, बटा जागच्या जागी. बटाही थोड्या उजळल्या पण ते बरोबरच आहे, सावली त्यांच्यावरही पडली होती ना. माझ्या वेळी कडेला एक हलकी गडद रिंग उरली होती, ब्रश थोडा मोठा करून फ्लो १० वर ठेवून अजून दोनदा फिरवला तेव्हा गेली. निळ्या आकाशात तिन्ही चॅनेलचे आकडे वेगळे असतात, पण धुळीची सावली रंगाने जवळपास तटस्थ असते म्हणून एकच कर्व्ह पुरतो, तरी रंग थोडा सरकला तर ब्लू चॅनेलमध्ये वेगळा पॉइंट द्या. फोटोशॉप नसेल तर लाइटरूममध्ये ठिपक्याएवढा रेडियल मास्क, फेदर पूर्ण, आणि एक्स्पोजर ०.१५ पासून हळूहळू वर.

एक मर्यादा आहे. मोठा, जाड कण किंवा धागा बसला असेल आणि मधला भाग जवळजवळ काळा झाला असेल, तर उचलून फक्त नॉइज वर येतो. तिथे आधी सगळं हील करून आकाश स्वच्छ करायचं आणि बटा एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने केसांचाच रंग घेऊन परत काढायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण दोन-चार बटांना दहा मिनिटं पुरतात.

मोठ्या फिकट डागाला मात्र हीलिंग लावूच नका. तो शेकडो पिक्सेल पसरलेला असतो आणि एवढ्या भागात आकाशाचा रंग बदलत गेलेला असतो, त्यामुळे कुठूनही तुकडा आणला तरी ठिगळ दिसतं. तिथे वरच्या कर्व्हचा उलटा विचार: पडदा चढलाय म्हणजे काळा वर सरकलाय. Curves मध्ये डावीकडचा खालचा पॉइंट थोडा उजवीकडे न्या, माझ्याकडे बहुतेक ८ ते १५ च्या मधे जमतं, आणि मास्कमधे खूप मोठ्या मऊ ब्रशने कमी फ्लोवर हळूहळू रंगवा. निळा रंग अजून धुतल्यासारखा वाटला तर त्याच मास्कवर सॅच्युरेशन जरासं वाढवा. सरळ अख्खा डाग गडद केलात तर आकाश जुळेल पण त्याखाली खांदा किंवा केस असतील तर ते राखाडीच राहतील, त्यावरून ओळखायचं की चुकीची दुरुस्ती चाललीय. फाइल १६ बिटमध्ये ठेवा, नाहीतर एवढ्या सपाट आकाशात कर्व्ह ओढला की पट्टे पडतात.

त्या दिवशीचे अजून पन्नास फोटो असतील तर लाइटरूममध्ये एकाचे ठिपके बाकीच्यांवर सिंक करायचा मोह होईल. ठिपके खरंच प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात, पण मैत्रीण नसते. एका फोटोत जो ठिपका आकाशात आहे तो पुढच्यात तिच्या कपाळावर येतो, आणि तिथे आकाश आणून चिकटवलेलं दिसतं. मी फक्त वरच्या कोपऱ्यातले, जिथे ती पोचतच नाही असे ठिपके सिंक करतो, बाकीचे हाताने. ॲपर्चर वेगळं असेल तर ठिपक्याचा आकारही बदलतो, तेही बघा.

पुढच्या वेळेसाठी, कॅमेरा क्लीनिंग मोडमध्ये टाका, बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, तोंड जमिनीकडे करून रबरी ब्लोअरने पाच-सहा फुंका मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते, आणि प्रेशरचा हवेचा डबा तर अजिबात नको, त्यातला द्रव काचेवर उडाला की धुळीपेक्षा वाईट डाग बसतो. मग f/16 ला, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचा एक फोटो घेऊन बघा. ठिपका शोधताना लक्षात ठेवा, सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका समोरून सेन्सरकडे बघताना खाली डावीकडे असतो. ब्लोअरने न हललेला कण चिकटलेला असतो, त्याला सेन्सरच्या मापाचा ओला स्वॅब लागतो, हात स्थिर नसेल तर ते सर्व्हिस सेंटरला द्या.